हप्त्याचा निरोप

आमच्या मोहल्ल्यातल्या सराफाकडून दर महिन्याला एवढाच निरोप यायचा: 'हप्ता बाकी आहे, त्वरित भरा.' मुदत संपल्यावर हाती काय पडणार, याचा पत्ता नाही. खालाजान तर रोख मिळेल, त्यात लेकीच्या निकाहचं जेवण उरकेल, असं धरून बसल्या होत्या. आम्ही दोघी जावांनी दुकानात बसून निरोप नव्याने लिहिला: 'दोन हजारांचा सातवा हप्ता 10 तारखेपर्यंत भरावा. अकरा हप्त्यांचे 22,000 रुपये होतील. त्यांचे दागिनेच मिळतील, रोख नाही. सोन्याचा भाव खरेदीच्या दिवसाचा. घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी वेगळा.' 'रोख नाही' शेवटी बारीक टाका, सराफ म्हणाला. आम्ही हललो नाही. खालाजाननी वाचलं आणि जेवणासाठी वेगळी भिशी धरली.