मदतीचं आवाहन कसं लिहावं? ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी लिहिलेलं एक पत्र



तुमच्यापैकी अनेकांवर कधी ना कधी ही वेळ येते. गावातली एखादी छोटी संस्था म्हणते, "बाई, तुमचं मराठी चांगलं आहे, मदतीसाठी चार ओळी लिहून द्या." आपण लिहायला बसतो आणि दोनच वाटा दिसतात. एक तर अर्ज लिहिल्यासारखं कोरडं होतं, नाही तर वाचणाऱ्याला रडवायचंच असं ठरवून लिहिलं जातं. आमच्या गावासाठी मी असं एक पत्र लिहिलं. ते कसं घडलं, ते आज सांगते.

आधी गरज समजून घ्या. आमचा जिल्हा बीड. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला जातात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, ती परत येत नाहीत. मूल बरोबर गेलं तर त्याची निम्मी शाळा बुडते. आजी-आजोबांजवळ राहिलं तर शाळा चालू राहते. आमच्या गावात हंगामी वसतिगृह नाही. दुपारी शाळेत पोषण आहार मिळतो, पण संध्याकाळचं काय? म्हणून गावातली एक नोंदणीकृत संस्था मागे राहिलेल्या १८ मुलांना संध्याकाळी जेवण देते आणि तासभर अभ्यासाला बसवते.

संस्थेच्या सचिव काकांनी पहिला मसुदा केला होता. त्यात होतं, "ही चिमुकली उपाशी झोपतात." काकांचा हेतू चांगलाच होता, पण ते खरं नव्हतं. मुलं उपाशी झोपत नव्हती. मग नेमकं काय होत होतं? ते शोधायला मी चौथीतल्या एका मुलीच्या घरी गेले. तिच्या आजीला अंधार पडला की दिसत नाही, त्यामुळे संध्याकाळी चुलीपुढे ती मुलगीच बसायची. भाकरी, भांडी, पाणी होईपर्यंत डोळे मिटायचे. दप्तर उघडायचंच नाही. "आईकडं जाते," हा हट्ट ती अशाच एखाद्या संध्याकाळी धरायची.

आता सांगा, "उपाशी झोपते" यापेक्षा हे कमी भिडतं का? मला तर जास्त भिडलं, कारण यात चूल दिसते, धूर दिसतो, बंद दप्तर दिसतं. दुःख वाढवून लिहिण्याची गरज बहुधा तेव्हाच पडते, जेव्हा आपण ते जवळ जाऊन पाहिलेलं नसतं.

लिहिलेलं मी आजीला वाचून दाखवलं. मुलीचं नाव नाही, फोटो नाही, तरी गावात ओळखू येणारच ना! म्हणून तिची परवानगी हवी होती. एका वाक्यावर ती थांबली. "बाई, पिठाचा डबा रिकामा असायचा असं लिहू नका. पीठ होतं आमच्या घरात." ते वाक्य काकांच्या मसुद्यातून आलं होतं. ते आम्ही काढलं. पत्रासाठी मी एकच कसोटी सांगेन. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला ते समोर बसवून वाचून दाखवता आलं पाहिजे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. एका मुलाला रोज ३० रुपये लागतात. त्यातले २० किराणा-भाजीचे आणि १० गॅस व स्वयंपाकाच्या ताईंच्या मानधनाचे. रविवार सोडून महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ७८० रुपये. नोव्हेंबर ते मार्च असे पाच महिने, १८ मुलांचे ७०,२०० रुपये होतात. गावातून २२,२०० जमले होते, म्हणून मागायचे होते ४८,०००. काकांना "एक मूल दत्तक घ्या" असं लिहायचं होतं. पण पैसे एका मुलाच्या नावावर जात नाहीत, सगळ्यांच्या सामाईक स्वयंपाकाला जातात. देणाऱ्याने उद्या विचारलं, "माझं मूल कोणतं?" तर काय सांगणार? म्हणून "एका मुलाला महिनाभर लागतो तेवढा खर्च" असे शब्द घेतले.

तिसरी गोष्ट पैसे देण्याच्या वाटेची. मसुद्यात बँक खातं, दोन मोबाईल नंबर, किराणा दुकानात रोख आणि धान्य, असे चार मार्ग होते. वाचणारा "नंतर बघू" म्हणतो आणि विसरतो. इकडे कुणाचे पैसे कुठे आले याचा मेळ बसत नाही आणि पावत्या राहतात. म्हणून आम्ही संस्थेच्या खात्याचा क्यूआर कोड एवढाच ठेवला. शिक्षकाचा स्वतःचा नंबर तर मुळीच देऊ नये. पैसा वैयक्तिक खात्यात आला की शंका येणारच. आणखी एक अडचण आधीच करून बघा. पत्र मोबाईलवर आलं की त्याच मोबाईलने तो कोड स्कॅन करता येत नाही. फोटो गॅलरीत ठेवून ॲपमधून उघडावा लागतो. हे एका ओळीत लिहावंच.

शेवटी पत्र असं झालं:

"आमच्या शाळेतल्या १८ मुलांचे आईवडील ऊसतोडीला गेले आहेत. मुलं आजी-आजोबांजवळ राहून शाळा शिकत आहेत. चौथीतल्या एका मुलीच्या आजीला अंधारात दिसत नाही. संध्याकाळी चुलीपुढे तीच बसायची आणि दप्तर बंदच राहायचं. आता आजी आपली भाकरी दिवसाउजेडी करून ठेवते आणि मुलगी आमच्याकडे जेवून अभ्यास करते. गेल्या वर्षी १८ पैकी १४ मुलं पूर्ण हंगाम शाळेत टिकली. चार मुलं मध्येच आईवडिलांकडे गेली. एका मुलाच्या महिन्याच्या संध्याकाळच्या जेवणाला ७८० रुपये लागतात. अजून ४८,००० रुपये हवेत. जास्त जमले तर ते पुढच्या हंगामाच्या जेवणासाठीच ठेवू. सोबतच्या क्यूआर कोडवर जमेल तेवढी रक्कम पाठवा. कोड मोबाईलवर आला असेल तर गॅलरीत ठेवून ॲपमधून उघडा. पैसे पाठवण्याआधी संस्थेचं नाव दिसेल. ते दिसलं नाही तर पाठवू नका. हिशेब एप्रिलमध्ये शाळेच्या फलकावर लागेल."

"ती चार मुलं गेली" हे वाक्य काका काढा म्हणत होते. "लोकांना वाटेल आपलं काम जमत नाही." मी म्हटलं, काका, १४ टिकली हे लोकांना खरं वाटावं असं वाटत असेल तर चार गेली हेही सांगावं लागेल. जेवण दिलं की मूल टिकतंच असं नाही. धाकट्या भावंडाला सांभाळायला आई बोलावते, आजी आजारी पडते. त्यावर आपल्या ताटाचा इलाज नाही. काका जरा वेळ गप्प बसले आणि वाक्य राहिलं.

तुमच्या गावासाठी असं पत्र लिहायचं असेल तर आधी त्या घरी जाऊन या, मग कागद घ्या. आणि पाठवण्यापूर्वी शंभर रुपये स्वतः त्या कोडवर पाठवून बघा. कुठे अडतं ते तिथेच कळेल.