सांगायचं कुणाच्या तोंडून

आई गेल्यानंतर हाती आलेली पहिली संहिता क्षयरोगाची होती. मूळ हिंदी, ती भोजपुरीत करायची. लांबी एक मिनिट. उलवे-उरण पट्ट्यातल्या मजूर वस्त्यांत रिक्षावर भोंगा लावून ती वाजणार आणि मुकादमांच्या मोबाइलवरून पुढे फिरणार. असली कामं मी बरीच वर्षं करतोय. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. त्याच्या बांधकामावर वडील बलियाहून आले आणि इथलेच झाले. मी मराठी शाळेत शिकलो. घरातली भाषा मात्र आईची होती आणि माझी प्रत्येक ओळ आधी तिच्या कानावरून जायची.

हिंदी कागदातलं एक वाक्य असं होतं: ‘यदि आप उपचार के दौरान अपने गृह राज्य जा रहे हैं, तो प्रस्थान से पूर्व निकटतम स्वास्थ्य केंद्र को सूचित करें।’ मुद्दा अगदी कळीचा. औषधं सहा महिन्यांची. दोनेक महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, अंगात बळ येतं, आणि नेमकी तेव्हाच छठ येते किंवा होळी. माणूस गोदान एक्स्प्रेस धरतो, गोळ्या खोलीतच राहतात. खरं तर सरकारी ‘निक्षय’ यंत्रणेत रुग्णाचं नाव इथून गावाकडच्या केंद्रात हलवता येतं, तिथली औषधं सुरू राहतात. फक्त निघण्याआधी सांगावं लागतं. एवढंच त्या माणसाच्या कानात शिरायला हवं.

आता यात ‘हैं’चं ‘बानी’ आणि ‘करें’चं ‘करीं’ केलं की झाली भोजपुरी, असं समजणारे मुंबईत पुष्कळ आहेत. ‘का हो’ने सुरुवात करायची, मध्ये दोनदा ‘तोहार’ घालायचं, मागे ढोलक वाजवायची. १९६३ सालच्या ‘गंगा मइया तोहे पियरी चढ़इबो’पासून भोजपुरी सिनेमा आला, त्याचा बराचसा बाजार मुंबईत जमला आणि त्या बाजाराने भोजपुरीचा एक भडक मुखवटा करून ठेवला. आरोग्याचे संदेशही आता तोच चढवून येतात. मजूर ऐकतात, हसतात, सोबत ठेकाही धरतात. काय सांगितलं म्हणून विचारलं की गाणं सांगतात.

पण मी अडतो ते शब्दांवर नाही. ‘करें’ हे कुणाचंच बोलणं नाही. हिंदी कागदात ते खपतं, कारण कागदाला तोंड नसतं. भोजपुरीत क्रियापद उच्चारलं की कोण कुणाला बोलतंय ते उघडं पडतं. ‘देख’ म्हटलं तर पोराला किंवा नोकराला, ‘देखऽ’ म्हटलं तर बरोबरीच्या किंवा आपल्या माणसाला, ‘देखीं’ म्हटलं तर मान राखून. पहिल्या दोहोंत फरक फक्त शेवटच्या लांबवलेल्या ‘अ’चा, आणि कागदावर तो सांभाळतो एक अवग्रह. हिंदीत वाढलेला निवेदक तो गिळतो आणि सहा फुटी सळईवाल्याला भोंग्यावरून ‘ए पोरा, बघ’ असं ऐकू येतं. म्हणून माझ्या प्रतीत प्रत्येक ‘ऽ’ लाल शाईत असतो. आमच्या आगरी शेजारणी सासऱ्यालाही सहज ‘तू’ म्हणायच्या आणि कुणाचं काही बिघडायचं नाही. आमच्या घरात मात्र या पायऱ्यांवरून भांडणं झालेली आहेत.

मग सगळ्यांना ‘रउआ’ म्हणून मोकळं का होऊ नये? करून पाहिलं आहे. भोंग्यावरून अनोळखी आवाज ‘रउआ’ म्हणू लागला की वस्तीत कुणीतरी म्हणतंच, ‘ई त भोट माँगे वाला ह.’ संहिता फसली हे कळायला मला तेवढं पुरतं. दुसरी खूण अशी की ऐकणाऱ्याला ‘भावाला काय सांगशील?’ असं विचारावं. ओळ बसली असेल तर तो ती स्वतःच्या क्रियापदात सांगतो. नसेल बसली तर म्हणतो, ‘टीबी के बारे में रहे.’

यावर माझा तोडगा होता आई. गावाहून आईचा फोन येतो अशी कल्पना करायची. आई ‘तू’ म्हणू शकते, रागावू शकते, आणि तिला भोजपुरीतला तो पुढच्या काळातला आज्ञार्थ शोभतो, जो आत्ताच्या कामासाठी नसून पुढे कित्येक दिवस पाळायच्या गोष्टीसाठी असतो: ‘दवाई छोड़िहऽ मत.’ सहा महिन्यांच्या औषधाला याहून नेमकं रूप मला माहीत नाही. त्या हिंदी वाक्याचं मी केलं ते असं: ‘छठ में घरे अइबऽ नू? त टिकट कटावे से पहिले दवाई वाली दीदी से कह दीहऽ. ऊ तोहार नाँव एहिजा चढ़ा दीहें.’ यातला ‘नू’ मला फार आवडतो. उत्तर गृहीत धरणारा, आपल्या ‘ना’सारखा. मंजुरीसाठी हे परत हिंदीत करून दाखवावं लागतं आणि तिथे ‘नू’ही गळतो, ‘ऽ’ही गळतो. समितीने मंजूर केलं ते भलतंच काहीतरी असतं.

या रूपांतराचा मला गर्व होता आणि आहे. रिक्षा गल्लीतून गेली की मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने बाहेर येऊन ऐकत असे.

त्यात एक गाठ मात्र सुटत नव्हती. केंद्र, नोंद, नाव हलवणं हे त्या आईला कुठून माहीत? ज्याला माहिती आहे, म्हणजे डॉक्टर किंवा सरकार, त्याला हक्काने बोलता येत नाही. आणि जिला हक्क आहे तिला माहिती नाही. ‘दवाई वाली दीदी’ म्हणताना आईचा आवाज पुस्तकी व्हायचा. मी वाक्य उलटंसुलटं केलं, मध्ये एक शेजारी घातला, तो काढला. माझी आई असती तर म्हणाली असती, ‘ई हम ना कहब.’

माझ्याकडे शिकणारी मुलगी सिवानच्या घरातली, पण जन्म उलव्याचा. तिची भोजपुरी मुंबईच्या हिंदीत भिजलेली; ‘बोखार’ऐवजी ती ‘बुखार’ म्हणते आणि मजूरही आता तसंच म्हणतात असं मला ऐकवते. तिने आईचा फोन काढून बायकोचा घातला:

‘आशा दीदी आइल रहली. कहत रहली कि ओहिजा से कागज बनवा के आइब, त दवाई एहिजे मिल जाई. बिना बतवले गाड़ी मत पकड़ब.’

आशा कार्यकर्ती गावात बायकोच्याच दारात येते. त्यामुळे माहिती कुठून आली हा प्रश्नच उरत नाही. बायको नवऱ्याला ‘रउआ’ म्हणते, म्हणून मान राहतो, आणि ‘मत पकड़ब’ हे दिसायला भविष्यकाळ, ऐकायला सक्त ताकीद. भोंग्यावरच्या ज्या ‘रउआ’ला लोक हसत होते तोच इथे घरचा झाला. भिखारी ठाकूरांनी ‘बिदेसिया’त परदेशी गेलेल्या नवऱ्यामागे राहिलेल्या बाईला बोलतं केलं, हे मी कुठल्याही कार्यक्रमात आवर्जून सांगतो. ते माझ्या कागदावर मात्र कधी उतरलं नव्हतं, आणि तिने तर ते नाटक पाहिलेलंही नाही.

वस्तीत ऐकवलं तेव्हा एक रंगारी म्हणाला, ‘हमार त रोज इहे कहेली.’ त्याच्या बायकोने असलं काही म्हटलं असण्याची शक्यता कमीच. पण ओळ त्याने घरची मानली होती.

गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, घाबरून औषध सोडू नका, हा मुद्दा अजून आत यायचा आहे आणि भोंग्यावर ते बायकोच्या तोंडी घालता येणार नाही. त्यासाठी खोलीतला जोडीदार लागेल, ‘तू’वाला, ‘ऽ’वाला. ते वाक्य मी लिहिणार आहे. मधल्या काळात मी शेवटी आईची एक ओळ चिकटवून ठेवली होती, ‘छोड़िहऽ मत, बबुआ.’ एक मिनिटाच्या वर जाते म्हणून त्या मुलीने ती दोनदा काढली. मी तिसऱ्यांदा घातली आहे.