सरांसाठी लिहिलेली संहिता

आमचे भूमितीचे सर गेले तेव्हा शाळेने शोकसभा ठरवली आणि माजी विद्यार्थ्यांनी एक चित्रफीत करावी असं सुचवलं. लिहायचं काम माझ्याकडे आलं. सभेत सहा-सात मिनिटांहून लांब चित्रफीत लोक मन लावून बघत नाहीत, म्हणून साडेसहा मिनिटं ही मर्यादा आधीच घालून घेतली.

गटावर आठवणी मागवल्या, तर बहुतेकांनी विशेषणंच पाठवली. ज्ञानाचा अथांग सागर, दीपस्तंभ, विद्यार्थ्यांचे दैवत. मनापासूनच लिहिलं होतं सगळ्यांनी. पण यातलं कुठलंही वाक्य कुठल्याही गावच्या कुठल्याही शिक्षकाला चाललं असतं, आणि आमचे सर त्यात कुठेच दिसत नव्हते.

सर फळ्यावर प्रमेय मांडायचे तेव्हा आधी पक्ष, मग साध्य, मग सिद्धता. प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण लिहावंच लागे. उत्तर बरोबर असलं तरी कारण नसलेली पायरी ते खोडत. मी संहितेलाही तोच नियम लावला. ज्या वाक्यामागे पाहिलेला माणूस किंवा कागद नाही, ते वाक्य ठेवायचं नाही.

म्हणून ज्याने ‘सर फार प्रेमळ होते’ असं लिहिलं होतं त्याला फोन करून विचारलं, कशावरून? तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग सांगू लागला. दहावीला गणितात नापास झाल्यावर तो शेतावर जायला लागला होता. सर बांधावर आले, वडिलांशी बोलले आणि ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत रोज सकाळी शाळेआधी त्याला घरी बोलावलं. पैसे घेतले नाहीत. काकू त्याला आधी चहा द्यायच्या, कारण तो उपाशीपोटी येतो हे सरांनी ओळखलं होतं. संहितेत मी एवढंच लिहिलं: ‘नापास झालेला मुलगा शेतावर दिसला, तेव्हा सर बांधावर गेले. ऑक्टोबरपर्यंत तो रोज सकाळी सरांच्या घरी होता.’ प्रेमळ हा शब्द काढून टाकला.

कागद मधोमध रेघ मारून दोन भागांत केला होता. डावीकडे पडद्यावर काय दिसणार, उजवीकडे निवेदन. दुःखाच्या प्रसंगी सावकाश वाचायचं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. सरांच्या आवाजाला आणि शांततेला जागा हवी होती, म्हणून निवेदन साडेचारशे शब्दांत बसवलं. जे चित्रात दिसतं ते निवेदनात बोलायचं नाही, या एका नियमानेच बराच मजकूर गळला. फळ्यापाशी उभ्या सरांचा फोटो आहे, तिथे ‘सर फळ्यापाशी उभे आहेत’ म्हणण्यात काय अर्थ? तिथे चार सेकंद कोणीच बोलत नाही.

नेमणुकीचं वर्ष तिघांनी तीन वेगळी सांगितली. शाळेतल्या सेवापुस्तिकेवरून ते पक्कं केलं. नावांचं शुद्धलेखन काकूंकडून तपासून घेतलं. पडद्यावर सरांच्याच नावात चूक राहिली असती तर बाकी सगळ्याला काही अर्थ उरला नसता. गटावर आलेले फोटो दाबले जाऊन धूसर झाले होते, ते पुन्हा ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवले. फ्रेममधल्या फोटोंच्या काचेवर उजेड चमकत होता, म्हणून ते बाहेर काढून स्कॅन केले.

शेवटच्या महिन्यांतले रुग्णालयातले फोटोही आले होते. काय करावं म्हणून काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, “आजारपण नको रे. ते शाळेतले होते, शाळेतलेच दाखवा.” मला हे अगदी पटलं. गेलेल्या माणसाची शेवटची ओळख त्याच्या दुखण्याची असू नये.

सरांचा आवाज मिळेल असं वाटलं नव्हतं. एका माजी विद्यार्थिनीकडे त्यांच्या निरोप समारंभातल्या भाषणाची ध्वनिफीत निघाली. पंख्याची घरघर बरीच होती. ती पुसायला गेलं की आवाजच पातळ व्हायचा, म्हणून तशीच ठेवली आणि खाली अक्षरं दिली. त्या भागाखाली संगीत नाही. इतरत्र फक्त तानपुरा आहे, तोही निवेदन सुरू झालं की मागे जातो. करुण बासरी लावावी असा आग्रह काहींचा होता. मी नाही म्हटलं. रडायचं की नाही हे ऐकणाऱ्यावर सोडावं.

निवेदनासाठी व्यावसायिक आवाज न घेता आमच्याच शाळेतल्या एका शिक्षिकेला विनंती केली. त्याही सरांच्याच विद्यार्थिनी. ‘सर गेले’ या वाक्यापाशी त्या थांबल्या, आणि ते थांबणं आम्ही कापलं नाही.

सभेत चित्रफीत दाखवली. मूळ प्रत आणि ध्वनिफितीची पूर्ण नक्कल आता शाळेच्या ग्रंथालयात आहे, दुसरी प्रत काकूंकडे. तुमच्याकडे सरांचा एखादा फोटो, वही किंवा पत्र असेल तर शाळेत आणून द्या. स्कॅन करून मूळ परत मिळेल.