आमचं दुकान, आपलं दुकान

तिरुवल्लिकेणीत पार्थसारथीच्या देवळापासून चार पावलांवर, मी कॉफीची पूड घेते ते दुकान आहे. भाजलेल्या बिया समोरच दळून मिळतात, घाईतल्या गिऱ्हाइकांसाठी आधी भरलेली पाकिटंही असतात. दुकानदार साठीच्या पुढचे, मी त्यांना अय्या म्हणते. एका सकाळी त्यांनी दळणयंत्र बंद केलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. "अम्मा, तुम्ही भाषांतर करता ना? ह्याला एक उत्तर लिहून द्या."

गूगल मॅपवर दुकानाला एक तारा मिळाला होता. खाली इंग्रजीत तीन ओळी होत्या: शुद्ध कॉफी समजून घेतली, निघाली चिकरी मिसळलेली, ही सरळ फसवणूक आहे. सोबत पाकिटाचा फोटो. आजवर अय्यांना वाईट असं कुणी लिहिलं नव्हतं. कडू म्हटलं असतं तर चाललं असतं, पण 'फसवणूक' हा शब्द त्यांना लागला होता.

"आधी हे काढून टाकता येईल का बघा," ते म्हणाले. येत नव्हतं. शिवीगाळ किंवा खोटेपणा असेल तर तक्रार करता येते, पण मालकाला मत पटलं नाही म्हणून ते पुसलं जात नाही. उत्तर मात्र देता येतं, आणि ते त्या अभिप्रायाच्या खालीच, सगळ्यांना दिसेल असं उमटतं. म्हणजे पत्र एकाला आणि वाचणार सारं गाव.

मी फोटो मोठा करून पाहिला. पाकिटावर छापलं होतं: कॉफी 80 टक्के, चिकरी 20 टक्के. कायद्यानं अशा मिश्रणात निदान 51 टक्के कॉफी लागते आणि प्रमाण पाकिटावर लिहावं लागतं. दोन्ही अटी पाळलेल्या होत्या. "बघा! मी काय लपवलं?" अय्या म्हणाले. त्यांनी पेल्यात थंड पाणी घेतलं आणि त्याच पुडीची चिमूट वर भुरभुरली. कॉफी तरंगत राहिली. चिकरीचे कण थोड्या वेळानं खाली जाऊ लागले, मागे तपकिरी रेघा सोडत. "ज्याला कळतं, त्याला एवढं पुरे."

पण लिहिणाऱ्याला ते कळत नव्हतं, आणि प्रश्न नेमका तिथेच होता. पाकीट कुणी दिलं, असं मी विचारलं. पोऱ्यानं. रविवारची गर्दी होती, त्यानं हाताशी आलेलं पाकीट दिलं. चिकरी हवी का, हे विचारलं नाही, कारण नेहमीच्या गिऱ्हाइकाला ते विचारावं लागत नाही. अय्या गप्प झाले. मग त्यांनीच बिलाच्या पाठीवर तमिळमध्ये मसुदा लिहायला घेतला.

पहिलं वाक्य होतं: आमच्या दुकानात फसवणूक होत नाही. 'आमच्या'साठी त्यांनी 'एंगळ्' लिहिलं होतं. मी तिथे अडले. तमिळमध्ये 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे असतात, अगदी मराठीसारखे. 'नांगळ्' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून आम्ही, 'नाम्' म्हणजे त्याला धरून आपण. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे अनुवादात हा फरक नेहमी माझ्या हातून निसटतो. आणि हे गृहस्थ गल्ल्यावर बसून दिवसभर 'नम्म कडै', म्हणजे आपलं दुकान, असंच म्हणतात. रागानं त्यांच्या वाक्यातून गिऱ्हाइकाला दाराबाहेर काढलं होतं.

मी तो शब्द फक्त बोटानं दाखवला. त्यांनी पाहिलं, हसले नाहीत. सगळा मसुदा खोडला आणि नवा लिहिला: पाकिटावर प्रमाण छापलेलं आहे, पण देताना आम्ही तुम्हाला विचारलं नाही, ती आमची चूक. उरलेली पूड घेऊन या, शुद्ध कॉफी समोर दळून देतो. नम्म कडैला पुन्हा या.

चूक कबूल करताना 'आम्ही', बोलावताना 'आपलं'. चुकीत गिऱ्हाइकाला ओढलं नाही, दुकानात मात्र त्याला जागा ठेवली. मी शिकवून हे जमलं नसतं.

'फसवणूक' ह्या शब्दाला त्यांनी उत्तरच दिलं नाही. "तो शब्द मी परत लिहिला तर दोनदा वाचला जाईल," ते म्हणाले. खाली मी इंग्रजी मजकूर जोडला. शेवटच्या वाक्यापाशी माझी गाडी अडली आणि अय्यांनी ते तमिळच राहू द्यायला सांगितलं.

तो गिऱ्हाईक अजून आलेला नाही, तारा एकच आहे. पण परवा मी नेहमीची पूड मागितली, तेव्हा पोऱ्यानं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, "चिकरी वेणुमा?" हवी, मी म्हटलं, वीस टक्के.