दोन इयत्ता, एक वर्ग आणि आठवड्याचा तक्ता

साप्ताहिक नियोजन म्हणजे वार्षिक नियोजनातील घटक आणि रोजचे टाचण यांच्या मधली पायरी होय. वार्षिक नियोजन कोणता घटक कोणत्या महिन्यात घ्यायचा ते सांगते आणि टाचण एका तासिकेत काय करायचे ते सांगते. परंतु सोमवारी शिकवलेल्या गोष्टीची उजळणी कधी व्हायची, चित्रकलेची तासिका गणिताच्या अपुऱ्या राहिलेल्या भागाने गिळू नये म्हणून ती कोठे ठेवायची, आणि एखादा दिवस हातचा गेला तर काय सोडायचे, हे प्रश्न या दोन्हींच्या मधल्या जागेतच सोडवावे लागतात. पश्चिम महाराष्ट्रातील एका डोंगरी तालुक्यात, दोन शिक्षक आणि चार इयत्ता असलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी व चौथी हे दोन्ही वर्ग एकाच खोलीत सांभाळणाऱ्या एका शिक्षिकेने एका शैक्षणिक वर्षात असा तक्ता तीन वेळा मोडून नव्याने आखला. येथे नोंदवलेला अनुभव त्या तक्त्याचा आहे. तिसरीत 11 आणि चौथीत 9 मुले होती.

शाळेच्या वेळापत्रकात सोमवार ते शुक्रवार रोज 35 मिनिटांच्या आठ आणि शनिवारी सकाळच्या शाळेत पाच, अशा आठवड्याला 45 तासिका होत्या. त्यांची विभागणी मराठी 11, गणित 10, इंग्रजी 7, परिसर अभ्यास 7, कला 4, कार्यानुभव 3 आणि शारीरिक शिक्षण 3 अशी होती. या यादीत उजळणी नावाचा विषय नाही, ही गोष्ट सुरुवातीला तिच्या लक्षात आली नाही. उजळणीला जागा द्यायची तर ती कोणत्या तरी विषयातून काढावी लागते, आणि काढली नाही तर ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एकदम येऊन पडते.

पहिला तक्ता सर्वत्र दिसतो तसाच होता: उभ्या रकान्यांत वार, आडव्या ओळींत तासिका, घरात विषयाचे नाव, शुक्रवारच्या शेवटच्या दोन तासिका उजळणीला आणि त्याआधीच्या दोन कलेला. या तक्त्यात एकच गोष्ट वेगळी होती व पुढे तीच उपयोगी पडली: प्रत्येक घर आडव्या रेघेने दुभागलेले होते. वरच्या भागात ठरलेले काम शाईने आणि खालच्या भागात झालेले काम शिसपेन्सिलीने लिहायचे असे तिने ठरवले होते. सहा आठवड्यांनंतर पाने शेजारीशेजारी ठेवून पाहिली असता कलेच्या 24 तासिकांपैकी 13 झालेल्या होत्या, आणि बुडालेल्यांपैकी बहुतेक शुक्रवारच्याच होत्या. त्या दिवशी गणिताचा उरलेला स्वाध्याय पूर्ण करायचा असे किंवा केंद्रावर पाठवायची माहिती भरायची असे, आणि खालच्या अर्ध्या घरात कलेऐवजी दुसरेच काही लिहिले जाई. आठवड्याच्या शेवटी ठेवलेला विषय बुडतो, कारण आठवडाभरातील सर्व उशीर तेथेच येऊन साठतो.

दुसऱ्या तक्त्यात म्हणून कला मंगळवारी आणि गुरुवारी मधल्या सुट्टीनंतर, प्रत्येकी दोन सलग तासिका जोडून ठेवली गेली. अशा जोडलेल्या तासिकांना जोडतास म्हणतात. जोडतास हा चैनीचा भाग नव्हता: रंग, पाणी आणि कागद वाटायला व शेवटी ब्रश धुऊन जागा पुसायला बारा ते पंधरा मिनिटे जातात, म्हणजे एकट्या तासिकेत रंगकामाला उरतात वीस. पोषण आहारानंतर मुले सुस्तावलेली असतात, तेव्हा हातांना काम देणारा विषय त्या वेळी चालतो आणि भाषा व गणित सकाळच्या चार तासिकांकडे सरकवता येतात. कला, कार्यानुभव व शारीरिक शिक्षण या दहा तासिका दोन्ही इयत्तांना एकत्रच द्यायच्या असल्याने त्यांचे गणित सोपे होते.

खरी अडचण उरलेल्या 35 तासिकांची होती, कारण एका खोलीत दोन इयत्ता आणि शिकवणारी एक. तिने आधी प्रत्येक तासिका मध्यावर तोडून पाहिली, म्हणजे सतरा मिनिटे तिसरीला आणि अठरा चौथीला. पण एका वर्गाकडून दुसऱ्याकडे वळताना मुलांना स्थिर व्हायला लागणारा वेळ दर तासिकेला जाऊ लागला, आणि एका वर्गाला शिकवताना दुसरा कानाने तेच ऐकत बसे. मग तिने विषयाऐवजी कामाच्या प्रकारावर तक्ता आखला. प्रत्येक घरात दोन इयत्तांसाठी दोन कप्पे केले आणि त्यांत ‘प्र’ किंवा ‘स्व’ अशी खूण केली. ‘प्र’ म्हणजे प्रत्यक्ष अध्यापन, ज्यात शिक्षिका त्या वर्गाशी बोलते. ‘स्व’ म्हणजे स्वयंअध्ययन, ज्यात मुले तिच्याशिवाय काम करतात. नियम दोनच होते. एका तासिकेत दोन्ही कप्प्यांत ‘प्र’ येता कामा नये. आणि ‘स्व’मध्ये द्यायचे काम मुलांना आधी शिकवून झालेलेच असले पाहिजे.

या दुसऱ्या नियमाने उजळणीचा प्रश्न जवळजवळ आपोआप सुटला. नव्या गोष्टीचा स्वाध्याय ‘स्व’मध्ये दिला की मुले एकामागून एक टेबलाशी येतात, म्हणून ती कोपऱ्यात रेघा मारून किती मुले उठली ते मोजत असे, पाचांहून अधिक रेघा म्हणजे काम अकाली दिले गेले, असा तिचा ठोकताळा होता. आधी शिकवलेल्या गोष्टीला रेघा कमी पडत. तेव्हा ‘स्व’ ही उजळणीचीच जागा ठरली, तिच्यासाठी वेगळी तासिका काढण्याची गरज उरली नाही. 35 पैकी दोन तासिका, मराठीची एक व गणिताची एक, बुधवार संपेपर्यंत रिकाम्याच ठेवायच्या असे ठरल्यावर 33 उरल्या, म्हणजे प्रत्येक इयत्तेला आठवड्याला सोळा-सतरा ‘स्व’ कप्पे मिळाले. त्यांतील दहा त्याच आठवड्यातल्या सरावाला आणि सहा उजळणीला दिले गेले. उजळणीच्या सहांतही दोन गेल्या आठवड्यातील, दोन तीन आठवड्यांपूर्वीच्या आणि दोन त्याहूनही जुन्या भागासाठी होते. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूंवर प्रश्न आणि पाठीमागे उत्तरे लिहून केलेली कार्डे या कामाला पुरत. गटप्रमुख मूल कार्ड उलटून उत्तर तपासत असे.

हे अंतर का ठेवावे लागले, ते दिवाळीनंतरच्या एका आठवड्याच्या पानावरून दिसते. तिसरीला हातच्याची वजाबाकी आणि चौथीला अपूर्णांक असा तो आठवडा होता. सोमवारी पहिल्या तासिकेत तिसरीला ‘प्र’, म्हणजे दशकाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घेऊन एक गठ्ठा सोडण्याचे काम. चौथीला ‘स्व’, म्हणजे तीन आठवड्यांपूर्वीच्या गुणाकाराची कार्डे. दुसऱ्या तासिकेत उलट: चौथीला कागदाची गोल भाकरी दुमडून अर्धा, पाव व पाऊण, आणि तिसरीला वहीत सहा वजाबाक्या. त्या सहाही सर्वांच्या बरोबर आल्या. पूर्वीच्या पद्धतीत हा विषय येथेच संपला असता आणि शुक्रवारची उजळणीही तशीच बरोबर आली असती, कारण सलग सहा उदाहरणे एकाच जातीची असली की मूल संख्यांकडे न पाहताही हातचा घेऊ लागते.

बुधवारी मात्र सरावाच्या एका कप्प्यात मिसळलेली उदाहरणे होती: 68 − 35, 52 − 27, 41 + 19 अशी. तेथे अकरापैकी चार मुलांनी 52 − 27 चे उत्तर 35 लिहिले. हे चुकीचे उत्तर अंदाजाने आलेले नव्हते. एककाच्या घरात 2 मधून 7 जात नाहीत म्हणून त्यांनी मोठ्यातून लहान वजा करून 5 मांडले आणि दशकात 5 मधून 2 काढून 3 लिहिले. वजाबाकीत कोणती संख्या कोणातून काढायची हा क्रम त्यांच्यासाठी महत्त्वाचाच नव्हता. दोन मुलांनी उलट 68 − 35 मध्येही हातचा घेतला. पहिल्या गटाला काड्यांकडे परत न्यायला हवे होते, दुसऱ्याला हातचा घेण्याआधी एकक पाहायची सवय लावायची होती. गुरुवारी सकाळची राखीव तासिका यासाठीच वापरली गेली: चौथी व तिसरीतील उरलेली पाच मुले वाचनालयाच्या पेटीतील पुस्तके घेऊन बसली, आणि सहा मुलांबरोबर काड्यांचे काम झाले. तीन अंकी वजाबाकी ठरलेल्या गुरुवारऐवजी पुढच्या सोमवारी गेली. दुपारचा कलेचा जोडतास जागच्या जागी राहिला.

कलेच्या बाबतीत एक चूक तिसऱ्या तक्त्यापर्यंत टिकून राहिली. अपूर्णांकाच्या आठवड्यात कागद दुमडण्याचे घडीकाम कला म्हणून घेतले गेले, त्याआधी शिवछत्रपतींच्या पाठाला जोडून मातीचे किल्ले झाले, आणि परिसर अभ्यासातील पानांचे ठसेही कलेतच गेले. प्रत्येक वेळी मुलांच्या कामाकडे भाग समान झाले की नाही, बुरूज बरोबर जागी आहे की नाही याच नजरेने पाहिले गेले. विषयांची सांगड चांगली, असे सांगणारे पुष्कळ असतात, पण सांगड घालताना कला नेहमी घरगड्याच्या जागी उभी राहते, हे कोणी सांगत नाही. शेवटी आठवड्यातील चार कला तासिकांपैकी एकाच तासिकेला दुसऱ्या विषयाचे काम द्यायचे, उरलेल्या तीनमध्ये रंग, रेषा आणि माती यांचेच, असा नियम तक्त्याच्या माथ्यावर लिहिला गेला.

शनिवारच्या पाच तासिकांत नवे काहीच ठेवायचे नाही, हाही नियम पेन्सिलीच्या नोंदींनीच घालून दिला. प्रशिक्षण, बैठका आणि सण यांत सर्वाधिक बुडणारा वार तोच होता, म्हणून तेथे वाचन, परिसर भेट आणि कार्यानुभव हेच ठेवले गेले.

या तक्त्याच्या मर्यादाही आहेत. दुसरे शिक्षक रजेवर गेले की चारही इयत्ता एका खोलीत येतात आणि ‘प्र’-‘स्व’ची जोडी मोडते, त्या दिवसासाठी तिने एक वेगळे पान ठेवले होते, ज्यात फक्त कार्डे, वाचन आणि मैदान होते. पहिली-दुसरीच्या मुलांना पंधरा मिनिटांहून अधिक ‘स्व’ झेपत नाही, त्यामुळे हा आराखडा तसाच्या तसा तेथे उतरवता येत नाही. आणि एका भेटीत तपासणीसाठी आलेल्या व्यक्तीने ठरलेले व झालेले यांत फरक का, असे विचारून तो नियोजनातील दोष म्हणून शेऱ्यात लिहिला. दोन्ही भाग तंतोतंत जुळणारे पान बहुधा आठवडा संपल्यावर एका बैठकीत लिहिलेले असते, हे मात्र कोणत्याही शेऱ्यात आलेले नाही.

पुढच्या आठवड्याचे पान भरायला शनिवारी शाळा सुटल्यावर पाऊण तास लागतो. शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजे 2009 च्या अधिनियमाने, शिक्षकाचे आठवड्याचे किमान 45 तास धरताना त्यांत तयारीचा वेळही मोजला आहे. तेव्हा हा पाऊण तास कामाचाच आहे, आणि तो त्याच हिशेबात धरला गेला पाहिजे.