तूट, अफरातफर आणि एक पत्र

विमा कंपनीच्या दावा विभागात माझी बरीच वर्षे गेली. निवृत्तीनंतरही ओळखीचे लोक कागद घेऊन घरी येतात. अपघाताचे, आगीचे कागद वाचणे सोपे असते. अवघड असतात ते विश्वासघाताचे, कारण त्यांत कागदापेक्षा नातीच जास्त गुंतलेली असतात. अशाच एका पतसंस्थेची ही गोष्ट. गावाचे आणि संस्थेचे नाव मी सांगणार नाही, कारण ते कोणत्याही गावात घडू शकते.

संस्था छोटी. सभासद बहुतेक मोहल्ल्यातले, काही बाजारपेठेतले. एका मंगळवारी लेखापरीक्षकाने न कळवता तिजोरी मोजली. रोजकीर्द आणि पावतीपुस्तके मिळून हातातली शिल्लक 4,86,300 रुपये हवी होती, ती भरली 1,41,300. म्हणजे 3,45,000 रुपये कमी. रोखपाल आधी म्हणाला की काही व्हाउचर लिहायची राहिली आहेत. मग गप्प बसला.

त्या रात्री चेअरमन माझ्याकडे आले. म्हणाले, "भाई, पोरगा आपल्यातलाच आहे. बापाने जन्मभर इमानदारीने दुकान चालवलं. त्याच्याकडून स्टँपवर उसनपावती लिहून घेतो, हप्त्याने फेडेल. वर्षभराचा हिशेब झाला की विम्याचं बघू."

त्यांच्या बोलण्यात दया होती, पण दोन गोष्टी घातक होत्या.

पहिली उसनपावतीची. संस्थेने घेतलेला विमा फिडेलिटी गॅरंटीचा होता. हा विमा पैसे कमी पडले म्हणून भरपाई देत नाही. नोकराने आपल्या कामात लबाडी केली आणि त्यातून मालकाचे थेट नुकसान झाले, तर देतो. आपणच स्टँपवर "उसने दिले" असे लिहून घेतले, तर कंपनीच्या हातात आपल्याच सहीचा पुरावा जातो की ही लबाडी नव्हती, कर्ज होते. कर्ज बुडाले तर हा विमा लागू होत नाही. शिवाय ते खोटेही आहे. संस्थेने त्याला पैसे उसने दिले नव्हते. ते सभासदांची अमानत म्हणून त्याच्या हाती होते.

दुसरी गोष्ट थांबण्याची. अशा पॉलिसीत साधारणपणे लिहिलेले असते की प्रकार उघडकीस आल्यावर लगेच लेखी कळवा आणि हिशेबासह संपूर्ण दावा तीन महिन्यांत द्या. हे दोन वेगळे कागद आहेत. लोक दोन्ही एकच समजतात आणि अंतिम अहवाल हाती येईपर्यंत पहिलाही पाठवत नाहीत. पण उघडकीस येण्याचा दिवस म्हणजे अहवालावर सही होण्याचा दिवस नव्हे. तिजोरी मोजली, रक्कम जुळली नाही आणि रोखपालाला खुलासा देता आला नाही, तो मंगळवारच तो दिवस. विमा नियामकाने 2011 साली परिपत्रक काढून कंपन्यांना सांगितले होते की केवळ उशीर झाला म्हणून खरे दावे यांत्रिकपणे फेटाळू नका. पण ते उशीर टाळता न येण्यासारखा असेल तर. शेजारधर्म पाळला म्हणून उशीर झाला, हे कारण तिथे टिकवणे कठीण.

आम्ही रात्रीच पत्र लिहिले. मजकूर इतकाच होता:

"आमच्या संस्थेच्या अमुक क्रमांकाच्या फिडेलिटी गॅरंटी पॉलिसीखाली कळवतो की, आज दि. … रोजी लेखापरीक्षकांनी केलेल्या रोख मोजणीत 3,45,000 रुपये कमी आढळले. रोख रक्कम रोखपाल श्री. … यांच्या ताब्यात होती. त्यांनी समाधानकारक खुलासा दिलेला नाही. अप्रामाणिकपणाचा संशय आहे, तपास चालू आहे. नुकसानीचा नक्की आकडा नंतर कळवू. त्यांना आजपासून रोखीच्या कामावरून दूर केले आहे. दाव्याचे सर्व हक्क राखून ही सूचना देत आहोत."

यात त्याला कुठेही चोर म्हटलेले नाही. सिद्ध व्हायच्या आधी तसे लिहिणे अन्यायाचे आहे आणि बदनामीच्या खटल्याला आमंत्रणही. पण "संशय" हा शब्द मुद्दाम घातला. नुसती "तूट" लिहिली असती तर ती मोजणीतली चूकही असू शकते. कामावरून दूर केल्याचे वाक्यही महत्त्वाचे, कारण प्रकार कळल्यानंतर त्याच माणसाच्या हाती पुन्हा रोख दिली, तर पुढच्या नुकसानीला विमा नसतो.

सकाळी पत्र कंपनीच्या शाखेत दिले आणि प्रतीवर शिक्का व तारीख घेतली.

मग लेखापरीक्षकाचे खरे काम सुरू झाले. त्याने ठेवीदारांकडच्या पावत्या मागवून रोजकीर्दीशी ताडून पाहिल्या. 17 पावत्या अशा निघाल्या की त्यावर रोखपालाची सही आणि संस्थेचा शिक्का आहे, पण रक्कम कीर्दीत नाही. त्यांची बेरीज 2,92,000. ही झाली अफरातफर, कारण पैसे कोणाकडून, कोणत्या दिवशी, कोणी घेतले हे दाखवता येते. उरलेल्या 53,000 चा मात्र काहीच माग लागला नाही. ते नुसते कमी होते.

चेअरमनना वाटत होते, सगळेच मागू, मिळेल ते मिळेल. मी म्हटले, 53,000 दाव्यात घातले तर उरलेल्या 2,92,000 वरही शंका येईल. आम्ही ते वेगळे दाखवले आणि मागितले नाहीत.

दरम्यान रोखपालाच्या भावाने 40,000 आणून दिले. त्याची पावती "तुटीपोटी वसुली, इतर हक्क राखून" अशी केली. रोखपालाचा 18,000 पगार संस्थेकडे बाकी होता. अशा पॉलिसीत नोकराचे देणे असलेले पैसे नुकसानीतून वजा होतात. म्हणून 2,92,000 मधून 58,000 गेले, राहिले 2,34,000. पॉलिसीत त्याच्या नावापुढे मर्यादा होती 2,00,000. कंपनीने तेवढे दिले. म्हणजे 87,000 संस्थेच्या अंगावर पडले: 34,000 मर्यादेपलीकडचे आणि 53,000 माग न लागलेले.

तेही सहज मिळाले नाहीत. सर्वेक्षकाने पहिल्यांदा विमा घेतानाचा प्रस्ताव अर्ज काढला. त्यात संस्थेने लिहून दिले होते की रोज संध्याकाळी व्यवस्थापक शिल्लक मोजून सही करतात. त्याने विचारले, सह्या दाखवा. व्यवस्थापक रजेवर असताना दुसऱ्या अधिकाऱ्याने केलेल्या सह्याही सापडल्या, म्हणून निभावले. सह्या म्हणजे मोजणी नव्हे, हे त्यालाही दिसत होते. पण 17 पावत्यांची रक्कम कीर्दीत आलीच नव्हती, त्यामुळे त्या वेळी तिजोरी कीर्दीशी जुळतच होती. अर्जात लिहिलेली पद्धत बंद पडलेली असती, तर दावा तिथेच अडला असता. बहुतेक संस्थांकडे त्या अर्जाची प्रत नसते. आपण काय वचन दिले हेच त्यांना ठाऊक नसते.

पोलिसांचा प्रश्न राहिला. चेअरमनना तोच सर्वांत जड गेला. पण कंपनी मागेल तर फिर्यादीत मदत करणे ही पॉलिसीची अट असते. शिवाय महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात अपहार दिसल्यावर गुन्हा नोंदवण्याची जबाबदारी खुद्द लेखापरीक्षकावर आहे. झाकण्याचा मार्ग चेअरमनच्या हाती नव्हताच. नोकराने केलेला विश्वासघात आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये येतो.

चेअरमन मला म्हणाले, "त्या मुलाचं आयुष्य गेलं, भाई." मी त्यांना त्या 17 पावत्यांची यादी पुन्हा दाखवली. त्यातल्या एकीवर शिलाईकाम करणाऱ्या एका विधवेचे नाव होते, रक्कम 9,000. तिला तिचे पैसे त्या महिन्यात परत मिळाले.