गाडी कोण थांबवणार?

खापरखेड्याजवळच्या एका राखविटांच्या कारखान्यातले जुने सुपरवायझर काका मागच्या उन्हाळ्यात निवृत्त झाले. वीजकेंद्राच्या राखेची गाडी कधी येणार, सिमेंट आणि चुरी किती उरली, कोणता चट्टा किती दिवसांचा, सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. ते गेल्यावर मालकांनी ऑपरेशन्स कोऑर्डिनेटर असं नवीन पद काढलं आणि त्याच्या कामाचं वर्णन लिहायला मला बोलावलं.

माझ्या मसुद्यांचा मला गर्व आहे. नागपूरचे सल्लागार राइस मिलला देतात तोच कागद विटांच्या कारखान्याला देतात, फक्त नाव बदलतात. मी तसं करत नाही, असं मी मानत आलो. तरी माझ्याही पहिल्या मसुद्यात हे वाक्य होतंच: ‘उत्पादन, साठा व विक्री यांत समन्वय साधणे.’ मालकांना ते आवडलं. मलाही आवडलं होतं.

मग चट्ट्यांपाशी गेलो, तेव्हा लोडिंगवाल्यानं एका गाडीची गोष्ट सांगितली. त्यांच्याकडे नियम आहे: चौदा दिवस पाणी, सात दिवस वाळवण, मग गाडी. काका गेल्यावर एक चट्टा नवव्या दिवशीच भरला गेला. विक्रीवाल्यानं गिऱ्हाइकाला शब्द दिला होता. उन्हात वीट वरून लवकर वाळते आणि तयार दिसते, पण पाणी तुटलं की सिमेंटचं काम अर्धवट राहतं. साइटवर उतरवतानाच कोपरे झडले. त्यानं तशीच एक वीट माझ्या हातात दिली. नखानं कड खरवडली, तर भुकटी निघाली.

मी स्वतःला विचारलं: माझ्या मसुद्यातला माणूस त्या दिवशी असता, तर त्यानं काय केलं असतं? विक्रीवाल्याला आणि लोडिंगवाल्याला फोन. आणि गाडी गेलीच असती. ‘समन्वय’ या शब्दाखाली मी अधिकाराचा प्रश्न दडवला होता. काकांना कोणी अधिकार लिहून दिला नव्हता; त्यांचं वय आणि त्यांचा आवाज पुरेसा होता. पंचविशीतल्या नव्या मुलाजवळ यातलं काहीच नसणार.

‘समन्वय’च्या जागी येणारं एक वाक्य मी आठवडाभर लिहीत होतो. ‘देखरेख ठेवणे’ पोकळ वाटलं, ‘खात्री करणे’ त्याहून पोकळ. शेवटी लिहिलं: ‘एकवीस दिवस पूर्ण न झालेल्या चट्ट्याची गाडी थांबवणे.’

मालक म्हणाले, “म्हणजे मी सांगितलं तरी तो थांबवणार का, भाऊ?”

“थांबवणार. तुम्हाला पाठवायचीच असेल, तर चट्ट्याची तारीख लिहून नोंदवहीत तुम्ही सही करा.”

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “लिहा.”

बाकी दीड पान मी काढून टाकलं. मुलगा दिवाळीनंतर लागला. नोंदवहीत आजवर मालकांच्या तीन सह्या आहेत.